नोकरीच्या अर्जात विनोद: कुठे चालतो आणि कुठे अंगाशी येतो

बायोडाटा सगळ्यांचे साधारण सारखेच दिसतात, म्हणून सोबतच्या पत्रात थोडी गंमत केली तर आपण वाचणाऱ्याच्या लक्षात राहू, असे पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या अनेकांना वाटते. हे वाटणे अगदीच चुकीचे नाही, कारण गमतीदार पत्र खरोखरच लक्षात राहते. मात्र ते कशासाठी लक्षात राहिले, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. लहान आणि मध्यम कंपन्यांसाठी अर्जांची छाननी करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. ज्या पत्रातल्या हसवणाऱ्या वाक्यातून उमेदवाराच्या कामाविषयी काही कळले, त्या उमेदवाराला मुलाखतीचे बोलावणे गेले. ज्या पत्रात विनोद केवळ विनोद म्हणून आला होता, ते पत्र दुपारच्या चहाच्या वेळी चार जणांनी वाचले, सगळे मनापासून हसले आणि ते बाजूला पडले.

या लेखात त्या पहिल्या प्रकारचे वाक्य कसे तयार करायचे, ते पत्रात कुठे ठेवायचे आणि कोणत्या अर्जात त्याचा विचारही करायचा नाही, हे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: पत्र कोणाच्या हातात पडणार आहे, ते शोधा

लिहायला बसण्यापूर्वी हा अर्ज कोणत्या वाटेने जाणार आहे, ते पाहावे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग, सरकारी बँकांसाठी होणारी आयबीपीएसची परीक्षा किंवा अनुदानित शाळांच्या शिक्षक भरतीसाठीचे पवित्र पोर्टल यांसारख्या ठिकाणी ठरावीक रकाने भरायचे असतात. तेथे पत्रच नसते, त्यामुळे विनोदाचा प्रश्नही उद्भवत नाही. एखाद्या रकान्यात मोकळा मजकूर लिहिण्याची सोय असली, तरी तेथे विचारले असेल तेवढेच लिहावे.

दुसरी वाट म्हणजे शिक्षण संस्था, सहकारी बँक, पतसंस्था, न्यास, रुग्णालय यांच्याकडे जाणारा कागदी अर्ज. या अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का बसतो, तो फाइलमध्ये लागतो, छाननी समितीपुढे जातो आणि निवड झाल्यास अनेक वर्षे तुमच्या सेवाविषयक कागदपत्रांत राहतो. हा अर्ज लिपिक वाचतो, मुख्याध्यापक किंवा व्यवस्थापक वाचतात, मग संचालक मंडळातले एखादे ज्येष्ठ सदस्यही वाचतात. यांपैकी एकाला हसू आले आणि दोघांना ते वाक्य पोरकट वाटले, तर समितीत त्या दोघांचे म्हणणे टिकते. कारण आक्षेपाची नोंद करता येते, हसू आल्याची नोंद करता येत नाही. येथे विनोद पूर्णपणे वर्ज्य समजावा. संस्था कितीही घरगुती वाटली आणि तिचे सचिव तुमच्या मामांचे मित्र असले, तरीही.

तिसरी वाट ई-मेलने लहान किंवा मध्यम खासगी कंपनीकडे जाणाऱ्या अर्जाची. हे पत्र बहुधा मालक, विभागप्रमुख किंवा मनुष्यबळ विभागातली एखादी व्यक्ती वाचते, आणि पुढे त्याच व्यक्तीला तुमच्यासोबत रोज काम करायचे असते. विनोदाला जागा असलीच तर ती येथे असते, आणि तीही एखाद्या वाक्यापुरती. याच वाटेवरच्या मोठ्या कंपन्यांत मात्र पत्र आधी मनुष्यबळ विभागाकडे जाते आणि तेथून ‘कृपया पाहावे’ एवढ्या शेऱ्यानिशी पुढे सरकते. ज्याला डोळ्यांसमोर ठेवून तुम्ही वाक्य लिहिले, तो ते वाचणारा तिसरा माणूस असू शकतो. किती हातांतून पत्र जाणार याचा अंदाज येत नसेल, तर विनोद टाळणे बरे.

दुसरी पायरी: जाहिरातीचा सूर ऐका

जाहिरातीत ‘इच्छुक व पात्र उमेदवारांनी आवश्यक कागदपत्रांच्या सत्यप्रतींसह’ अशी भाषा असेल, तर उत्तराची भाषाही तीच असावी. ‘आमच्यासोबत काम करायला आवडेल का?’ अशी सुरुवात असेल, तर सूर थोडा सैल आहे. पण येथे एक चकवा आहे. काही कंपन्यांच्या जाहिराती बाहेरच्या संस्थेने लिहून दिलेल्या असतात. त्यांत भरपूर थट्टामस्करी असते आणि आत मात्र कडक शिस्तीचे कार्यालय असते. म्हणून केवळ जाहिरातीवर विसंबू नये. त्या कंपनीने आपल्या ग्राहकांना लिहिलेला मजकूर, विशेषतः तक्रारींना दिलेली जाहीर उत्तरे वाचावीत. तक्रारीच्या उत्तरातही ज्यांचा सूर मोकळा राहतो, त्यांच्या कार्यालयात हलके वाक्य खपण्याची शक्यता बरीच असते.

कामाचे स्वरूपही पाहावे. लेखापाल, औषधनिर्माता, सुरक्षा अधिकारी, वकिलाचा सहायक या पदांसाठी माणूस शोधणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न ‘हा चूक तर करणार नाही ना?’ हा असतो, आणि विनोद त्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ग्राहकांशी बोलणे, लिहिणे, शिकवणे, विक्री, कार्यक्रमांचे आयोजन या कामांत ‘हा माणसांना सांभाळून घेईल का?’ हा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर एखाद्या नेमक्या हलक्या वाक्यातून देता येते.

तिसरी पायरी: आधी संपूर्ण पत्र विनोदाशिवाय लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तेथेच घोटाळा होतो. एखादे चमकदार वाक्य सुचते, मग त्याच्याभोवती पत्र रचले जाते, आणि शेवटी पत्रात ते वाक्यच उरते. त्याऐवजी दीडशे ते अडीचशे शब्दांचे कोरडे पत्र आधी पूर्ण करावे. पद कोणते, आपण आज काय करतो, त्या कामातली कोणती गोष्ट या पदाला उपयोगी आहे, तिचा एखादा पुरावा, आणि आपण कधी रुजू होऊ शकतो, एवढे त्यात यावे. हे पत्र जसेच्या तसे पाठवले तरी चालेल, इतके ते पुरे असले पाहिजे. विनोद त्यानंतर येईल किंवा येणारही नाही.

हे प्रत्यक्षात कसे होते, ते पाहण्यासाठी एक कल्पित पण अगदी नेहमीचे उदाहरण घेऊ. पुण्यातील एका लहान सहल कंपनीला ग्राहक-संवाद सहायक हवा आहे. काम असे, की सहलीला येणाऱ्यांच्या ई-मेल आणि व्हॉट्सॲप संदेशांना उत्तरे द्यायची, सहलीच्या सूचनांची पत्रके मराठीत तयार करायची आणि सहल रद्द झाल्यास परताव्याचे नियम समजावून सांगायचे. अर्ज करणारी मुलगी सांगलीची असून बी. ए. झालेली आहे आणि तिने दोन वर्षे एका मंगल कार्यालयात नोंदणीचे काम केले आहे. तिने उत्साहाच्या भरात लिहिलेला पहिला मसुदा असा:

> नमस्कार मंडळी!
> तुमची जाहिरात वाचली आणि माझ्या आयुष्याची गाडी अखेर फलाटाला लागली. मी बी. ए. झाले आहे, म्हणजे ‘बेकार अधिकृतपणे’. हा हा! दोन वर्षे मंगल कार्यालयात काढली, पण दुसऱ्यांची लग्ने लावून कंटाळले (माझे अजून ठरायचे आहे!). सहलीला येणाऱ्या कटकट्या काकूंना सांभाळणे हा माझ्या हातचा मळ आहे. माझे इंग्रजी ऐकून इंग्रज पुन्हा एकदा देश सोडून जातील. पगार एवढाच द्या, की २० तारखेनंतर वडापाववर दिवस काढावे लागू नयेत. निवडले नाहीत तर मी रडेन!

हा मसुदा बोलून दाखवला तर कदाचित छान वाटेल. ही मुलगी समोर बसून हेच बोलली असती, तर तिच्या चेहऱ्यावरून आणि आवाजावरून ऐकणाऱ्याने तिला सांभाळून घेतले असते. कागदावर ती सोय नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने लिहून ई-मेलने पाठवायला सांगितली होती. आपला सूर वाचणाऱ्याला सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो सुमारे ५६ टक्के वेळाच कळला. नुसता अंदाज ठोकला असता तरी निम्म्या वेळा उत्तर बरोबर आले असते, हे लक्षात घेतले म्हणजे लिहिलेला सूर किती कमी पोहोचतो, ते कळते. तेथे पाठवणारे आणि वाचणारे दोघेही विद्यार्थी होते. अर्ज वाचणारा तर तुम्हाला मुळीच ओळखत नाही.

आता मसुद्यातली वाक्ये एकेक करून पाहू, कारण विनोद अंगाशी येण्याचे जवळजवळ सगळे प्रकार त्यांत आले आहेत.

‘बेकार अधिकृतपणे’ हा स्वतःवरचा विनोद आहे. स्वतःवर हसणे सुरक्षित, असा एक समज आहे आणि गप्पांत तो बराचसा खराही आहे. पण अर्जात स्वतःची पात्रता हीच विक्रीला ठेवलेली वस्तू असते. पदवीची थट्टा केली, की वाचणाऱ्याला ती पदवी आणखी हलकी वाटू लागते. त्यातून ‘हिला स्वतःलाच खात्री नाही’ एवढाच अर्थ निघतो. इंग्रजीवरचे वाक्य तर थेट नुकसान करणारे आहे. सहल कंपनीत परराज्यातल्या हॉटेलांशी इंग्रजीतून पत्रव्यवहार करावा लागतो. ज्याला हे काम करून घ्यायचे आहे, तो या वाक्यावर हसेल आणि मनातल्या मनात एक खूण करून ठेवेल. नियम असा धरावा, की आपल्या परिस्थितीवर हसता येते, आपल्या पात्रतेवर नाही.

‘कंटाळले’ हा शब्द तिने हसवण्यासाठी लिहिला, पण वाचणारा तो नोकरी सोडण्याचे कारण म्हणून वाचतो. आधीच्या नोकरीविषयी, तेथल्या साहेबांविषयी किंवा पगाराविषयी केलेली कोणतीही थट्टा अशीच वाचली जाते, कारण वाचणारा स्वतःला त्या साहेबांच्या जागी पाहतो. उद्या ही मुलगी दुसरीकडे अर्ज करताना आपल्याविषयी काय लिहील, हा विचार त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

कंसातले ‘माझे अजून ठरायचे आहे’ हे वाक्य दिसायला सगळ्यांत निरुपद्रवी आहे आणि मला सगळ्यांत घातक वाटते. लग्न केव्हा करणार, त्यानंतर नोकरी सोडणार का, बाहेरगावी जाणार का, हे प्रश्न मुलींना मुलाखतीत विचारले जाऊ नयेत; तरी ते विचारले जातात. या विनोदाने तो विषय तिने स्वतःच टेबलावर आणून ठेवला, आणि आता तो विचारणाऱ्याला संकोच वाटण्याचे कारण उरले नाही. वय, लग्न, आजारपण, कर्ज, घरची अडचण यांवरच्या विनोदांचे असेच होते. ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आवडणार नाही, त्याच्या दिशेने हसतसुद्धा बोट दाखवू नये.

‘कटकट्या काकू’ म्हणजे कंपनीच्या ग्राहक. कदाचित तिच्या सर्वांत निष्ठावान ग्राहक. एखाद्या धंद्यातली माणसे आपल्या ग्राहकांविषयी आपसांत काय वाटेल ते बोलतात, पण बाहेरच्याने ते बोललेले त्यांना खपत नाही. अर्ज वाचणाऱ्या बाईच पन्नाशीच्या असतील, ही शक्यता वेगळीच. याच कारणाने जात, धर्म, गाव, बोली, शरीरयष्टी यांवरचा कोणताही विनोद अर्जात नको. पुणेकर-नागपूरकर-मुंबईकर यांच्यावरचे ठरलेले विनोदही याच पेटीत टाकावेत. दुपारी १ ते ४ वर हसणारे अर्ज पुण्यातल्या माणसाने इतके वाचलेले असतात, की शिळेपणाखेरीज त्यांतून काही पोहोचत नाही.

पगारावरच्या वाक्याची अडचण वेगळी आहे. त्यातून अपेक्षा कळत नाही, फक्त गरज कळते. आणि गरज कळली, की बोलणी सुरू होण्याआधीच तुमची बाजू उतरते. पगाराची अपेक्षा विचारली असेल तर आकडा लिहावा, विचारली नसेल तर विषय काढू नये. ‘निवडले नाहीत तर मी रडेन’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या डोक्यावर ओझे टाकते. ‘हा हा’ म्हणजे तर विनोद पोहोचणार नाही, याची लिहिणारीने स्वतःच दिलेली कबुली. हसऱ्या चेहऱ्यांच्या चिन्हांचेही तसेच.

एवढे सगळे वजा केल्यावर उरते काय? उरते मंगल कार्यालय. आणि खरा माल तेथेच आहे.

चौथी पायरी: कामातल्या खऱ्या प्रसंगात हसू शोधा

त्या मुलीला विचारले, की मंगल कार्यालयात नेमके काय करत होतीस, तर ती सांगेल: तारखांची नोंदणी, आगाऊ रक्कम, अनामत, कार्यालय किती वाजता रिकामे करायचे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक का लावता येत नाही, तारीख बदलली तर किती पैसे परत मिळतील. शिवाय हे सगळे दोन कुटुंबांना सांगायचे, आणि त्या दोन कुटुंबांचे आपसांत अजून पुरते जमलेले नसते. सहल कंपनीला हवे असलेले काम हेच आहे. आणि यात हसू आपोआप आहे. ते बाहेरून आणून चिकटवावे लागत नाही.

आता तिचे नवे पत्र पाहा:

> प्रति,
> व्यवस्थापक
> विषय: ग्राहक-संवाद सहायक या पदासाठी अर्ज
>
> महोदय / महोदया,
> आपल्या जाहिरातीतील ग्राहक-संवाद सहायक या पदासाठी मी अर्ज करत आहे. मी बी. ए. असून गेली दोन वर्षे सांगलीतील एका मंगल कार्यालयात नोंदणी आणि ग्राहकांशी पत्रव्यवहार हे काम पाहत आहे.
>
> तारखांची नोंदणी, अनामत रक्कम, तारीख बदलल्यास किंवा कार्यक्रम रद्द झाल्यास द्यावयाचा परतावा यांविषयीच्या शंकांना मी फोनवर आणि लेखी उत्तरे देते. वारंवार येणारे प्रश्न एकत्र करून मी मराठीत एक पानाचे सूचनापत्रक तयार केले. ते आता नोंदणीच्या वेळीच दिले जाते, त्यामुळे अनामत परत देताना होणारे वाद बरेच कमी झाले आहेत. एकच नियम वधूपक्षाला आणि वरपक्षाला, दोघांनाही तो आपल्याच बाजूचा वाटेल अशा शब्दांत, पण एका शब्दाचाही फरक न करता समजावून सांगण्याचा सराव मला तेथे झाला.
>
> सहलीच्या सूचना आणि परताव्याचे नियम लिहिताना हा अनुभव उपयोगी पडेल, असे मला वाटते. वरील सूचनापत्रक सोबत जोडले आहे. मी एक महिन्याच्या पूर्वसूचनेनंतर रुजू होऊ शकते.
>
> आपली विश्वासू,

या पत्रात विनोद एकाच वाक्यात आहे आणि तो ‘विनोद’ म्हणून पुढे आलेला नाही. ज्याने महाराष्ट्रातले एकही लग्न पाहिले आहे, त्याच्या ओठांच्या कडा तेथे थोड्या हलतील. ज्याला काहीच गमतीचे वाटणार नाही, त्यालाही वाक्यातली माहिती पूर्ण मिळेल: ही मुलगी एक नियम दोन रागावलेल्या माणसांना न बदलता समजावते. अर्जातल्या विनोदाची कसोटी हीच, की हसू न आलेल्या माणसालाही वाक्याचा काही उपयोग झाला पाहिजे.

त्या वाक्याची जागाही पाहा. ते सूचनापत्रकाच्या पुराव्यानंतर आले आहे. विषयाच्या ओळीत आणि पहिल्या वाक्यात विनोद नसावा, कारण त्या वेळी वाचणाऱ्याला तुमच्याविषयी काहीच माहीत नसते, आणि डबा उघडण्याआधी नुसत्या वेष्टणावरून मत होते. विषयाच्या ओळीला आणखीही एक काम असते: महिन्याभराने कोणी त्या पदाचे अर्ज शोधू लागले, तर पदाचे नाव टाकल्यावर तुमचा अर्ज सापडला पाहिजे. ‘तुम्हाला हवी असलेली व्यक्ती सापडली!’ असे लिहिलेला अर्ज त्या शोधात सापडत नाही. शेवटच्या ओळीतही विनोद नको, कारण वाचून झाल्यावर हातात काय उरावे, तर रुजू होण्याची तारीख आणि जोडलेला कागद.

मग कोणी पूर्ण पत्रच गमतीने लिहिले तर?

असे एक गाजलेले उदाहरण आहे आणि ते पुढे करून अनेकांना भरीस पाडले जाते. रॉबर्ट पिरॉश नावाचा न्यूयॉर्कमधला जाहिरात-लेखक १९३४ मध्ये नोकरी सोडून पटकथा लिहिण्यासाठी हॉलिवूडला गेला आणि तेथे त्याने निर्मात्यांना व दिग्दर्शकांना एक पत्र पाठवले. पत्रात त्याने आपल्याला आवडणाऱ्या शब्दांचे प्रकार एकामागून एक सांगितले, प्रत्येक प्रकाराची उदाहरणे दिली, आणि शेवटी आपल्याशी काही शब्द बोलता येतील का, अशी कोटी करून भेटीची वेळ मागितली. त्याला मुलाखती मिळाल्या, एमजीएम या चित्रपट कंपनीत कनिष्ठ लेखकाची नोकरी लागली आणि पुढे पटकथेसाठी त्याने ऑस्करही मिळवले.

हे पत्र यशस्वी झाले याचे कारण त्यातली गंमत हाच त्याच्या कामाचा नमुना होता. पटकथा लिहिणारा माणूस हवा होता, आणि शब्द कसे ऐकायचे हे त्याला कळते, हे पत्रातच दिसत होते. सुताराने अर्जासोबत छोटी पेटी पाठवावी, तसे ते होते. मुंबईतल्या जाहिरात संस्थेत लेखकाच्या जागेसाठी अर्ज करत असाल, तर अशा पत्राचा विचार करता येईल, मात्र गंमत त्या कामाच्याच जातीची हवी. विमा कंपनीच्या दावे विभागासाठी तेच पत्र पाठवले, तर ते कितीही चांगले असले तरी तुम्ही दुसऱ्याच नोकरीच्या शोधात आहात, एवढे त्यातून कळेल.

आणखी एक गोष्ट अशा उदाहरणांवरून ध्यानात येत नाही: जी पत्रे फसली, ती कोणी जपून ठेवत नाही.

पाचवी पायरी: पाठवण्यापूर्वीच्या तीन तपासण्या

पहिली तपासणी पुसून पाहण्याची. विनोदी वाक्य काढून टाका आणि पत्र वाचा. पत्राची काही माहिती कमी झाली, तर ते वाक्य कामाचे होते. ते परत ठेवा. काहीच कमी झाले नाही, तर ते काढलेलेच बरे.

दुसरी तपासणी दुसऱ्याच्या आवाजाची. पत्र एखाद्या अशा माणसाला मोठ्याने वाचायला द्या, ज्याला त्यात विनोद आहे हे माहीत नाही. मित्र नको, कारण त्याला तुमचा सूर ठाऊक असतो. शेजारचे निवृत्त शिक्षक किंवा घरातली वडीलधारी मंडळी उत्तम. बातम्या वाचाव्यात तशा सपाट आवाजात ते वाक्य कसे वाटते, ते ऐका. त्यांनी थांबून ‘म्हणजे काय?’ असे विचारले, तर वाक्य बदलायला हवे. ‘हे कशाला लिहिलेस?’ असे विचारले, तर काढायला हवे. ते न अडखळता पुढे गेले आणि कदाचित थोडे हसले, तर ठेवायला हरकत नाही.

तिसरी तपासणी उसनेपणाची. तुमचे वाक्य तुमच्या जागी दुसऱ्या कोणत्याही उमेदवाराला लिहिता आले असते का? ‘चहा हे माझे इंधन आहे’, ‘एक्सेल माझ्या स्वप्नात येते’, ‘मी काम करतो तेव्हा वेळच थांबते’ ही वाक्ये कोणीही लिहू शकतो आणि लिहितातही. इंग्रजीत पत्र लिहिताना हा धोका वाढतो, कारण तेथे तयार नमुन्यांतले विनोद उचलले जातात आणि छाननी करणाऱ्याने तेच विनोद त्याच आठवड्यात दुसऱ्या अर्जांतही वाचलेले असतात. इंग्रजी आपल्याला केवळ कामापुरते येत असेल, तर त्या भाषेत विनोद करूच नये. शब्द बरोबर असूनही त्याचे वजन चुकते आणि ते आपल्याला कळतही नाही.

शंका असेल, तर काढावे. एक गोष्ट येथे स्पष्ट करतो: हलके वाक्य नसल्यामुळे चांगला अर्ज बाजूला पडलेला मी पाहिलेला नाही.

विनोदाच्या धाडसाविषयी एक उपयुक्त अभ्यास २०१७ मध्ये ब्रॅड बिटर्ली, ॲलिसन वुड ब्रुक्स आणि मॉरिस श्वाइत्झर यांनी प्रसिद्ध केला. त्यातून असे दिसले, की विनोद करू धजणारा माणूस इतरांना आत्मविश्वासू वाटतो, आणि विनोद साधला तर तो कर्तबगारही वाटतो. पण विनोद औचित्याला सोडून असेल तर आत्मविश्वासाचे श्रेय कायम राहते आणि कर्तबगारीविषयीचे मत मात्र खाली येते. नवख्या उमेदवाराने या शेवटच्या भागाकडे नीट पाहावे. दहा वर्षांचा अनुभव असलेल्याची कर्तबगारी बायोडाटातून आधीच दिसलेली असते, त्यामुळे त्याचा एखादा विनोद फसला तरी निभावून जाते. पहिल्या नोकरीच्या अर्जात कर्तबगारीचा पुरावाच थोडा असतो, आणि तोच पणाला लागतो.

सहावी पायरी: बोलावणे आल्यावर

मुलाखतीत त्या वाक्यावर प्रश्न येण्याची शक्यता फार मोठी आहे, किंबहुना चांगल्या वाक्याचे ते लक्षणच आहे. ‘वधूपक्ष आणि वरपक्ष म्हणता, म्हणजे नेमके काय झाले होते?’ असे विचारले, तर सांगायला एक खरा, पूर्ण प्रसंग तयार हवा: कोणता नियम होता, दोन्ही बाजूंचे म्हणणे काय होते, तुम्ही काय शब्द वापरले, शेवटी काय ठरले. दोन मिनिटांत सांगता येईल इतकाच तो असावा आणि त्यात दोन्ही कुटुंबांची नावे नसावीत. तसा प्रसंग मुळात घडलाच नसेल आणि वाक्य केवळ छान वाटले म्हणून लिहिले असेल, तर ते तेथे उघडे पडते.

प्रसंग सांगताना सूर पत्रापेक्षा जास्त हलका करू नये. समोरचे हसले, तर हसण्यात सामील व्हावे आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहावी. मुलाखतीनंतर आभाराचा ई-मेल पाठवणार असाल, तर त्यात तोच विनोद पुन्हा आणू नये. तो ई-मेल चार ओळींचा असावा: वेळ दिल्याबद्दल आभार, मुलाखतीत मागितलेला कागद जोडल्याचा उल्लेख, रुजू होण्याची तारीख आणि खाली आपले नाव व दूरध्वनी क्रमांक.